बाईंचं तळं

आमच्या डोंगर चढणाऱ्या मंडळींमध्ये एक शब्द चालायचा, ‘बाईंचं तळं’. कुणी सांगितलं की मी एकट्याने पातेलंभर पिठलं संपवलं, की बाकीचे लगेच म्हणायचे, "बरं बरं, बाईंचं तळं!" म्हणजे थाप. पुढे पुढे ज्या नवीन मुलांनी हा शब्द उचलला, त्यांना त्यातल्या बाई कोण आणि तळं कुठलं हेही ठाऊक नव्हतं. मला दोन्ही ठाऊक होतं. म्हणून तो शब्द निघाला की मी दुसरीकडे बघायचे.

बाई म्हणजे डोंबिवलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. मी त्यांच्या हाताखाली शिकले नव्हते, पण ग्रुपमध्ये सगळेच त्यांना बाई म्हणायचे. पंचेचाळिशीच्या, पाचवारी साडी घरी ठेवून सलवार-कमीजमध्ये डोंगरावर येणाऱ्या, आणि आमच्यासारख्या विशीतल्या पोरींना चढावर मागे टाकणाऱ्या. त्यांना एक खोड होती. कुठलीही गोष्ट सांगताना ती स्वतः पाहिली की कुणाकडून ऐकली, हे त्या आधी सांगायच्या. "बस गेली" असं कधी म्हणणार नाहीत. "बस गेल्याचं पानवाला म्हणतोय" असं म्हणतील. मला तेव्हा याचा वैताग यायचा. बस गेली ती गेली!

गोष्ट शहाऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. मलंगगडाच्या मागे जी डोंगररांग पसरली आहे, तिच्यावर आम्ही नऊ जण गेलेलो. आदल्या संध्याकाळी अवकाळी सर पडून गेली होती. सकाळी चढताना मागे डोंबिवलीशेजारच्या ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसची धुराडी दिसत होती, पण डोंगराच्या माथ्यावर ढग बसलेला. आम्ही त्या ढगात शिरलो आणि वाट चुकलो. डोंगराच्या धारेवर पोचलो खरे, पण धारेवर कुठे, ते आमच्या लीडरलाही सांगता येईना. होकायंत्र त्याच्याकडे होतं आणि तो शिट्ट्या वाजवत बराच पुढे निघून गेला होता. मागे राहिलेल्या आम्ही दोघी, बाई आणि मी.

एका खिंडीसारख्या जागी बाई थांबल्या. मी थोडी खाली, काट्यात अडकलेली ओढणी सोडवत होते. वरून बाईंचा आवाज आला, "अगं, लवकर ये, पाणी! केवढं पाणी!" मी धडपडत वर गेले तोवर ढग पुन्हा मिटला होता. समोर पांढरं, बाकी काही नाही.

खाली उतरल्यावर बाईंनी सगळ्यांना सांगितलं की खाली एक तळं पाहिलं, बहुधा उत्तरेला. लीडरने नकाशा उलगडला. उत्तरेला तळं नव्हतं. त्याने मला विचारलं, "तू तिथेच होतीस ना? तू पाहिलंस?"

मी म्हटलं, "नाही. मला काही दिसलं नाही."

हे खरंच होतं. पण खरं बोलूनही माणूस कसा पळ काढतो, ते मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच पुढे म्हणता आलं असतं की मी पोचेपर्यंत ढग मिटला होता, आणि बाई कधी उगाच ओरडत नाहीत. मी म्हटलं नाही. लीडर मला आवडायचा, हे त्याचं कारण. लिहिताना आता लाज वाटते, पण कारण तेच.

पुढच्या मे महिन्यात ग्रुप पुन्हा तिथे गेला, मुद्दाम. उत्तरेकडे तासभर डोळे ताणून पाहिलं. धुरकट हवा, अंबरनाथकडचे कारखाने, वाळलेलं गवत. त्या दिवशी पहिल्यांदा तो शब्द निघाला. बाई हसल्या, डबा सगळ्यांना वाटला, आणि त्यानंतर आमच्याबरोबर कधी आल्या नाहीत.

नव्व्याण्णव साली गणपती नुकतेच होऊन गेले होते, तेव्हा त्या मला डोंबिवलीत फडके रोडवर भेटल्या. मी ठाण्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करत होते, लग्न झालं होतं. लीडरशी नव्हे, देवाची कृपा. बाई त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेल्या. हातात काठी होती. माझं सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "तुला ते इंटरनेट येतं म्हणे. त्यावर अनोळखी माणसांना काही विचारता येतं का?"

"येतं ना. काय विचारायचंय?"

"माझं तळं कुठलं, ते."

तेरा वर्षं त्यांनी ते बरोबर वागवलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गुडघा गेलाय, डॉक्टर म्हणतात ही थंडी कशीबशी, मग डोंगर विसरा. तेव्हा या थंडीच्या आत कळायला हवं. "लोक हसतात त्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या, "पण मलाच अलीकडे वाटायला लागलंय, की आपण खरंच पाहिलं का? ते मला सहन होत नाही."

स्टेशनजवळ पूर्वेला तेव्हा एक सायबर कॅफे निघालेला. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक कॉम्प्युटर, आणि फोन लागला की मोडेमचा तो किरकिराट. सह्याद्रीत भटकणाऱ्यांचा एक फोरम मला माहीत होता. कुणीही प्रश्न टाकायचा, खाली जगभरातले लोक उत्तरं लिहायचे. सगळं मराठी रोमन लिपीत. बाई ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी फुलस्केपचे दोन कागद घेऊन हजर.

ते कागद मी अजून विसरलेले नाही. तीन मथळे होते: पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाज. तेरा वर्षांपूर्वी मोजून चाळीस अंकांपुरतं पाहिलेलं दृश्य. चाळीस हा आकडासुद्धा त्यांचाच, कारण ढग फाटल्याबरोबर त्यांनी सवयीने मनात मोजायला सुरुवात केली होती.

पाहिलेलं असं होतं. वेळ पावणेअकरा, घड्याळ पाहिलं. पाण्याचा आकार अर्ध्या भाकरीसारखा, एक कड आखल्यासारखी सरळ आणि बाकी गोल. सरळ कड लाल मातीची, तिच्यावर गवत नाही. त्या कडेच्या एका टोकाला पत्र्याच्या छपराची चौकोनी खोली. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. पाण्यात झाडं उभी, पानं नसलेली. उजव्या हाताला एक टेकाड, त्याची सावली पाण्यावर सरळ डावीकडे पडलेली. हात ताणून धरला तर तळं या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटांमागे झाकलं जाई. माणसं दिसली नाहीत. ऐकलेलं फक्त एक: त्याच बाजूने गाडीचा हॉर्न दोनदा, बहुधा एसटीचा, म्हणजे रस्ता जवळ असावा. आणि अंदाज या मथळ्याखाली दोन ओळी. तळं नुकतंच बांधलेल्या धरणाचं असावं. तळं उत्तरेला असावं.

माझ्या लग्नाच्या दिवशी नवऱ्याने कुठल्या रंगाचा सदरा घातला होता, हे मला फोटो पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

पण मी शहाणी! मला वाटलं, लोक एवढं लांबलचक कशाला वाचतील. मी टाइप करताना मथळे काढून टाकले आणि सगळ्यात वर ठोकून दिलं, ‘मलंगगडाच्या मागच्या धारेवरून उत्तरेला दिसलेले तळे कुठले?’ बाईंना रोमन मराठी वाचायला त्रास व्हायचा. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून मान हलवली.

पहिलं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अमेरिकेतून. तो इंग्रजीत विचारत होता, "छान, पण गोष्ट कुठे आहे?" रोमन लिपीत तळे लिहिलं की ते इंग्रजीतल्या ‘टेल’सारखं दिसतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या कप्प्यातला माणूस डोकावून बघायला लागला.

मग खरी उत्तरं येऊ लागली, आणि सांगते, मला त्या लोकांचं फार कौतुक वाटलं. कोण कुठले, तोंड न पाहिलेले, एका निवृत्त शिक्षिकेच्या तळ्यासाठी नकाशे उघडून बसले होते. एकाने लिहिलं, हे बारवी धरण असणार, त्या भागातलं मोठं पाणी तेच. दुसऱ्याने त्याला तिथल्या तिथे खोडलं. बोटावरून मोजता येतं, तो म्हणाला. ताणलेल्या हाताची दोन बोटं म्हणजे साधारण साडेतीन अंश. बारवी तिथून खूप लांब असलं तरी अफाट पसरलेलं आहे, ते झाकायला अख्खा पंजाही पुरणार नाही. तळं दोन बोटांत मावतंय आणि त्यातली झाडं सुटी सुटी दिसताहेत, म्हणजे ते छोटं आहे आणि चार-पाच किलोमीटरच्या आतलं आहे. मातीवर गवत नाही म्हणजे बांध एक-दोन पावसाळ्यांचाच. झाडं मेलेली पण उभी, तेही हेच सांगतं. सरकारी नकाशा त्याच्या कितीतरी आधी मोजलेला, तेव्हा नकाशात नाही म्हणून तळं नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही.

हे शेवटचं वाक्य मी बाईंना दोनदा वाचून दाखवलं. त्या काठी बोटांनी वाजवत राहिल्या.

एवढं होऊनही गाडं अडलंच. उत्तरेला, चार-पाच किलोमीटरवर, असं तळं कुणाला सापडेना. बदलापूरला राहणारा एक जण तर रविवारी मोटरसायकल घेऊन गावोगाव विचारत फिरून आला. ‘काही नाही,’ त्याने लिहिलं. ‘बाईंना भास झाला असेल, ढगात पाण्यासारखं दिसतं कधी कधी.’ मी ते वाचून दाखवायचं टाळलं. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाच. वाईट आलं असेल तरी वाच." मी वाचलं. त्या दिवशी त्या काठी विसरून जिन्यापर्यंत गेल्या, मग परत आल्या.

तीन आठवडे काही नाही. ऑक्टोबर निम्मा सरला. मी ऑफिसातून रोज पाहायचे, आणि रोज संध्याकाळी बाईंना फोन करून सांगायचे की नाही. मग एक दिवस एक नवीन माणूस आला. तो आखातात कुठेशी नोकरीला होता आणि त्याने नावाच्या जागी नुसतं ‘कोपर’ लिहिलं होतं. म्हणजे आमच्याच पुढचं स्टेशन. त्याचं मराठी खाडीवरचं होतं. मी ते इथे देवनागरीत देते.

"बाय," त्याने लिहिलं होतं, "तुमचा प्रश्न चार वेळा वाचला. एक सांगा. तलं उत्तरेला, हे तुमी डोल्यांनी पाहिलं का मनाने धरलं? कारण सावली वेगलं सांगते. दिवालीच्या वक्ताला पावणेअकराला सूर्य पूर्व आन दक्षिण यांच्या मधी असतो, थोडा दक्षिणेलाच. तुमी उत्तरेला तोंड करून उभ्या असाल तर तो पाठीमागं, उजव्या खांद्याच्या मागं. मंग टेकाडाची सावली तुमच्यापासून लांब जाईल, थोडी डावीकडं. सरल डावीकडं कशी जाईल? सावली सरल डावीकडं म्हणजे सूर्य तुमच्या उजव्या हाताला. म्हणजे तुमचं तोंड पूर्वेच्या बाजूला व्हतं."

मी बाईंना बोलावून घेतलं आणि हे वाचून दाखवलं. त्या ताठ बसल्या. "पण मी उत्तर दिशा अंदाजात लिहिली होती," त्या म्हणाल्या. "तो असं का विचारतोय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं की मथळे मी काढले, आणि उत्तर दिशा उचलून प्रश्नाच्या डोक्यावर नेऊन ठेवली. मला वाटलं त्या रागावतील. रागावल्याच. "तीस वर्षं पोरांच्या वह्यांमधून मी हेच खोडत आले," त्या म्हणाल्या, "आणि तू माझ्याच कागदावर ते केलंस?" मग पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चल, लिही त्याला. अंदाजच होता. आणि अंदाज कसा बांधला तेही लिही."

तो असा बांधला होता. सकाळी मागे ठाकुर्लीची धुराडी दिसली, म्हणजे घर त्या बाजूला. मलंगची रांग डोंबिवलीच्या पूर्वेला, म्हणजे रांगेवरून घर पश्चिमेला. ढगात शिरल्यावरही घर कुठल्या अंगाला आहे याचं भान त्यांनी सोडलं नव्हतं. घराकडे तोंड केलं तर तळं उजव्या हाताला. पश्चिमेकडे तोंड केल्यावर उजवा हात म्हणजे उत्तर. यात चूक कुठे आहे ते मला तरी दिसेना. मी जन्मापासून डोंबिवली वेस्टची. मलंगगड पूर्वेला, हे मला सांगायला भूगोल लागत नाही.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं.

"बाय, तुमी डोंबिवलीच्या. म्हणून असं झालं. मलंग डोंबिवलीच्या पूर्वेला नाय. ईस्टला हाय. स्टेशनच्या पाटीवर वेस्ट लिवलंय म्हणून सूर्य तिकडं मावलत नाय. आमचा बाप होडी घेऊन खाडीत जायचा, त्याला तुमची पाटी ठावूक नवती, त्याची पश्चिम म्हणजे पश्चिमच. आमी पोरं शालेत जाऊन वेस्ट शिकलो तं तो हसायचा. गाडीचं रूल बगा. ठाण्यापासून कल्याणला जाताना गाडी उत्तरेला जाते असं सगल्यांना वाटतं. ती जाते पूर्वेला, थोडी उत्तरेला चढत. मंग तिच्या डाव्या अंगाचं वेस्ट कुठं आलं? जवलजवल उत्तरेला. तुमची सगली चक्री घड्यालाच्या दोन तासांनी फिरलीय. बाराला, म्हणजे उत्तरेला, दाखवलेलं तलं दोनला शोधा."

मी वाचून थांबले. मग बाई उठल्या, आणि काठी टेकत तरातरा निघाल्या. मी मागोमाग. त्या स्टेशनचा पूल चढल्या, तो गुडघा घेऊन, पायरी पायरी, आणि मधोमध कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते.

सूर्य दिवा स्टेशनच्या बाजूला मावळत होता. रुळांच्या वर, थोडासाच उजवीकडे. वेस्टचा जिना आमच्या पार उजव्या हाताला होता, आणि तिकडे सूर्याचा काही संबंध नव्हता. हा पूल मी शाळेत असल्यापासून दिवसातून दोनदा ओलांडत आले होते. एकदाही हे पाहिलं नव्हतं.

बाई बराच वेळ पाहत राहिल्या. लोक आम्हाला धक्के देत जात होते. मला भीती वाटली की आता या रडणार. भूगोलाच्या शिक्षिकेची पश्चिम चुकलेली! ग्रुपला कळलं तर नवीन शब्दच निघेल.

बाई हसायला लागल्या. "अगं, सूर्य मावळतो ती पश्चिम," त्या म्हणाल्या, "हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचे. वर्गाच्या खिडकीतून संध्याकाळी मावळता सूर्य दिसायचा. आणि शाळा सुटली की वेस्टला घरी जायचे!"

मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. मी असते तर पाटी लावणाऱ्याला दोष दिला असता. रुळांना दिला असता. त्यांनी कॅफेत परत येऊन मला उभ्या उभ्या मजकूर सांगितला: ‘मी तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. माझी दिशा चुकली. स्टेशनचं वेस्ट मी पश्चिम धरलं. ज्यांनी माझ्यामुळे उत्तरेला शोधलं त्यांची क्षमा मागते, विशेषतः मोटरसायकलवाल्या गृहस्थांची. उजवं, डावं आणि सावली मात्र डोळ्यांनी पाहिलेली आहे. ती बदलत नाही.’ मी म्हटलं, शिक्षिका आहात हे सांगायची काय गरज? त्या म्हणाल्या, "कुणीतरी शिक्षक वाचेल. सावध होईल."

कोपरवाल्याचं मग लगेच आलं. त्याला तळं कळलं होतं, पण त्याने ते सांगितलं नाही. आधी त्याने एक प्रश्न विचारला, आणि असं का विचारतो तेही लिहिलं: मी आधी सांगितलं तर तुम्हाला तसंच आठवायला लागेल. प्रश्न असा होता: पाण्यातली झाडं सगळीकडे होती, की एका बाजूला?

बाईंनी डोळे मिटले. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. "डाव्या बाजूला," त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूला दाट. उजवीकडे, टेकाडाखाली, मोकळं पाणी. मी हे लिहिलं नव्हतं ना? लिहायला हवं होतं."

त्यावर त्याने जे लिहिलं ते मी छापून घेतलं होतं, बाईंसाठी.

"तेच हाय. बदलापूरच्या फुडं डोंगराच्या पोटात रोजगार हमीतून बांध घातलेला. पहिल्या पावसाला तलं भरलं तं आमच्या बापाने आन काकाने तिथं माशाचं बी सोडलं. मी संगती जायचो. डाव्या अंगाला गावाची आमराई बुडालेली. जालं तिकडं टाकलं का झाडात अडकून फाटायचं. किती जाली फाटली म्हणून इचारू नका. उजव्या अंगाला भाताची खाचरं व्हती, तिकडं जालं साफ यायचं. बांधावर पत्र्याची खोली, तिच्यात आमी जाली ठेवायचो. मार्च झाला का पाणी संपायचं, मासा मोठा व्हायच्या आत. दोन वर्सं करून सोडून दिलं."

मार्चला पाणी संपायचं. म्हणजे आम्ही मे महिन्यात गेलो तेव्हा दिशा बरोबर असती तरी हाती कोरडी मातीच आली असती. आमच्या अख्ख्या ग्रुपला, नकाशे, होकायंत्रं आणि शिट्ट्यांसकट, एवढं सुचलं नव्हतं की तळं आटतं. बदलापूरचा मोटरसायकलवाला पुढच्याच रविवारी जाऊन आला. बांध आहे, त्याने लिहिलं, आता गवताने हिरवा झालाय. पाणी काठोकाठ. आमराईचे दोन-चार बुंधे अजून उभे. त्याने बांधावरून डोंगराकडे पाहिलं तर धारेत एकच खिंड अशी होती की जिथून डोंगराची मधली सोंड आड येत नाही. तिची खूण त्याने नीट लिहून पाठवली. आणि खाली लिहिलं, ‘भास म्हणालो, त्याबद्दल माफ करा.’

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही दोघीच गेलो. मी ग्रुपला कळवलं होतं. कुणी म्हणालं ऑफिस, कुणी म्हणालं मुलाची परीक्षा. लीडर फोनवर म्हणाला, "अरे वा, सापडलं का? मस्त, मस्त!" त्याला खरंच आनंद झाला होता, आणि आपण काही केलं होतं हे त्याच्या गावीही नव्हतं. बाईंना मी सांगितलं तर म्हणाल्या, "त्याने नकाशा पाहिला. नकाशात नव्हतं. त्याचं चुकलं नाही." माझ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. तेरा वर्षांत एकदाही बोलल्या नव्हत्या.

आम्ही पायथ्याच्या गावातून पहाटे निघालो. आकाश स्वच्छ होतं. बाई दर वीस पावलांनी थांबत होत्या, गुडघ्याला पट्टा, एका हातात काठी आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर. दोनदा मी म्हटलं, परत फिरू या. दोन्ही वेळा त्यांनी बडीशेपेची डबी पुढे केली. खिंडीच्या खाली एक उभी दगडी चढण आहे, फार मोठी नाही, चढून जायला धडधाकट माणसाला पाच मिनिटं. तिथे त्या एका खडकावर बसल्या.

"तू जा वर," त्या म्हणाल्या.

"मी हात देते ना. अगदी थोडंच राहिलंय."

"अगं जा. आणि काय दिसतं ते सांग. मी काही विचारणार नाही."

मी वर गेले. खिंडीत वारा होता. खाली, डोंगराच्या पोटात, अर्ध्या भाकरीएवढं पाणी होतं, एक कड सरळ. डावीकडे काळे बुंधे, मोजून तीन. उजव्या टेकाडाची सावली पाण्यावर आडवी, डावीकडे पडलेली. मी दोन बोटं धरून पाहिली. मग माझा बांध फुटला आणि मी रडायलाच लागले. रडत रडतच ओरडून सगळं सांगितलं, एकेक करून, फक्त पाहिलेलं. मी धावत उतरले.

बाई खडकावर शांत बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "चला बाई, मी पाठीवर घेते, ओढत नेते, काय वाटेल ते करते. इतक्या जवळ येऊन तुम्ही पाहायचं नाही, असं कसं?"

त्यांनी माझे डोळे स्वतःच्या ओढणीने पुसले.

"मी पाहिलंय गं," त्या म्हणाल्या. "पाहायचं तुझं राहिलं होतं."